पहिला डाग सापडल्यानंतर: छातीचा फोटो क्रमाने कसा वाचायचा

एमबीबीएसच्या विद्यार्थ्यापुढे छातीचा एक्स-रे ठेवून ‘काय दिसतंय?’ असं विचारलं, तर तो काही सेकंदांतच कुठल्यातरी पांढऱ्या डागावर बोट ठेवतो. बहुतेक वेळा तो डाग खराच असतो. घोटाळा होतो तो त्यानंतर. काहीतरी सापडलं म्हटल्यावर मनाला वाटतं, आपलं काम झालं. नजर फिल्मवर फिरत राहते, पण शोध थांबलेला असतो. रेडिऑलॉजीत या सवयीला ‘सॅटिसफॅक्शन ऑफ सर्च’ असं नावच आहे. फोटो ठरावीक क्रमाने वाचायचा नियम या सवयीवरचा उपाय म्हणून आला. पहिला डाग कुणालाही दिसतो, क्रम हवा असतो तो दुसऱ्या डागासाठी.

हा क्रम एका केसच्या आधाराने समजून घेऊ. केस कुणा एका रुग्णाची नाही. नेहमी भेटणाऱ्या गोष्टी एकत्र करून ती शिकवण्यासाठी रचली आहे. साठी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत. आयुष्यभर ट्रक चालवला, बिडी सुटली नाही. वीस वर्षांपूर्वी टीबी झाला होता, औषधांचा कोर्स पूर्ण केला होता. आता दोन महिने खोकला आहे, थोडं वजन उतरलं आहे, ताप नाही. फोटोत उजव्या फुफ्फुसाच्या अगदी वरच्या टोकाला काही आडव्यातिडव्या रेघा आणि चुन्याचे पांढरेशुभ्र ठिपके दिसतात. वॉर्डातला रेसिडेंट म्हणतो, ‘जुना टीबी आहे, सर.’ त्याचं म्हणणं बरोबर आहे. बऱ्या झालेल्या टीबीचे असे व्रण जन्मभर राहतात आणि आपल्याकडे ते इतके दिसतात की नजर त्यांना सरावलेली असते. आता हाच फोटो पहिल्यापासून वाचू.

आधी फोटो तपासा, मग रुग्ण

पहिल्यांदा नाव, वय आणि तारीख बघायची. फोटो याच माणसाचा आणि आजचाच आहे ना? मग बाजूची खूण, म्हणजे टेक्निशियनने ठेवलेलं ‘एल’ किंवा ‘आर’ अक्षर शोधायचं. हृदय ज्या बाजूला दिसतं ती डावी, असं गृहीत धरणाऱ्याला हृदय जन्मतःच उजवीकडे असलेला माणूस कधीच ओळखता येणार नाही. तो फिल्म उलटी लावून मोकळा होईल.

नंतर फोटो कोणत्या दिशेने काढला ते बघायचं. नेहमीच्या पद्धतीत रुग्ण छाती प्लेटला टेकवून उभा राहतो आणि किरण साधारण सहा फुटांवरून पाठीकडून येतात. हा पीए व्ह्यू. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा फोटो पोर्टेबल मशीनने समोरून आणि जवळून काढतात, तो एपी व्ह्यू. त्यात हृदय प्लेटपासून लांब पडतं आणि त्याची सावली मोठी होते. म्हणून एपी फोटो बघून ‘हृदय वाढलंय’ असं लिहायचं धाडस करू नये.

यानंतर तीन गोष्टी तपासायच्या. रुग्ण सरळ उभा होता का? दोन्ही गळपट्टीच्या हाडांची आतली टोकं मणक्याच्या मधल्या टोकापासून सारख्या अंतरावर असली, तर तो सरळ होता. जरा वळलेला असला की एक फुफ्फुस उगाच जास्त काळं दिसतं. श्वास पूर्ण घेतला होता का? पडद्याच्या वर पाठीकडच्या नऊ-दहा बरगड्या मोजता आल्या पाहिजेत. श्वास अर्धवट असेल तर फुफ्फुसांचा तळ दाटतो, हृदय रुंद होतं आणि नसलेला न्यूमोनिया दिसू लागतो. तिसरं, किरण पुरेसे आरपार गेले आहेत का? हृदयाच्या सावलीतून मागचे मणके अंधूक का होईना, दिसायला हवेत.

ही तिसरी कसोटी विद्यार्थी पटकन उरकतात. पण आपल्या केसचा निकाल तिच्यावरच लागणार आहे. आपल्या गृहस्थांचा फोटो पीए आहे, सरळ आहे, दहा बरगड्या मोजता येतात आणि हृदयामागचे मणके दिसतात. म्हणजे पुढे जे दिसेल, किंवा दिसणार नाही, त्याचा दोष फोटोवर ढकलता येणार नाही.

कड का दिसते आणि का पुसते

साध्या एक्स-रेला पाचच छटा कळतात. हवा काळी, चरबी गडद राखाडी, मांस आणि सगळे द्रव फिकट राखाडी, हाड व चुना पांढरा, आणि धातू सर्वांत पांढरा. यात गोम आहे ती तिसऱ्या छटेत. रक्त, पू, पाणी, हृदयाचा स्नायू, गाठ हे सगळं फोटोत एकाच रंगाचं दिसतं. त्यामुळे दोन वस्तूंमधली कड तेव्हाच दिसते, जेव्हा वेगवेगळ्या छटांच्या वस्तू एकमेकींना भिडलेल्या असतात. हृदयाची कड दिसते, कारण त्याला लागून हवेने भरलेलं फुफ्फुस असतं. फुफ्फुसाच्या तेवढ्या भागातली हवा गेली, तिथे पू भरला किंवा तो भाग मिटला, की ती कड नाहीशी होते. पांढऱ्या भिंतीला टेकून पांढरा सदरा घातलेला माणूस उभा राहिला, तर दुरून त्याच्या खांद्याची रेषा कळत नाही, तसंच हे.

बेंजामिन फेल्सन या अमेरिकन रेडिऑलॉजिस्टने 1950 मध्ये हे तत्त्व ‘सिल्हूट साइन’ या नावाने मांडलं आणि तेव्हापासून छातीचा फोटो वाचणं या तत्त्वावर उभं आहे. कोणती कड पुसली यावरून आजार कोणत्या भागात आहे ते कळतं. हृदयाची उजवी कड गेली, तर उजव्या फुफ्फुसाचा मधला लोब. डावी कड गेली, तर डाव्या वरच्या लोबचा खालचा भाग, ज्याला लिंग्युला म्हणतात. पडद्याची रेघ गेली, तर त्या बाजूचा खालचा लोब. म्हणून फोटो वाचताना डाग शोधायचे तशाच कडाही एकेक करून हजेरीला बोलवायच्या. गैरहजर कड हासुद्धा एक सापडलेला दोष असतो आणि तो आपणहून डोळ्यांत भरत नाही.

श्वासनळीपासून खाली

आता फोटोतली छाती. क्रम लक्षात ठेवायला विद्यार्थी ए, बी, सी, डी, ई ही इंग्रजी अक्षरं वापरतात. श्वासनळी, फुफ्फुसं, हृदय, पडदा आणि बाकीचं सगळं. क्रम कोणताही चालेल, तो रोज तोच असला म्हणजे झालं.

श्वासनळी मानेतून उतरणाऱ्या काळ्या पट्ट्यासारखी दिसते. ती मध्यभागी असावी. खाली महाधमनीजवळ थोडीशी उजवीकडे झुकली तरी हरकत नाही. ती एका बाजूला सरकली असेल, तर कुणीतरी तिला ओढलं आहे की ढकललं आहे, हा प्रश्न विचारायचा. मिटलेलं किंवा व्रणाने आकसलेलं फुफ्फुस तिला आपल्याकडे ओढतं. छातीत साठलेलं पुष्कळ पाणी तिला पलीकडे ढकलतं. एक अख्खी बाजू पांढरी झालेल्या फोटोत, पाणी झालंय की फुफ्फुस बसलंय, हे बऱ्याचदा या एका प्रश्नावरून ठरतं. आपल्या केसमध्ये श्वासनळी वरच्या भागात जराशी उजवीकडे आहे. उजवीकडचा जुना व्रण ओढत असेल. तशी नोंद करायची आणि पुढे जायचं.

फुफ्फुसांचे मनातल्या मनात वरचा, मधला आणि खालचा असे तीन पट्टे करायचे आणि प्रत्येक पट्टा डावा-उजवा ताडून बघायचा. हवा कुठे जास्त, कुठे कमी? रक्तवाहिन्यांच्या फांद्या दोन्हीकडे सारख्या आहेत का? छातीच्या भिंतीपर्यंत नजर न्यायची. तिथे एक बारीक पांढरी रेघ असेल आणि तिच्या पलीकडे रक्तवाहिनीची एकही फांदी नसेल, तर फुफ्फुसाबाहेर हवा साचली असण्याची शक्यता आहे. कातडीची घडीही अशी रेघ उमटवते, पण तिच्या पलीकडे फांद्या दिसत राहतात.

आपल्या फोटोत उजवीकडे वरच्या पट्ट्यात जुना व्रण आहेच. खालचे पट्टे ताडून पाहिल्यावर मात्र डावं फुफ्फुस उजव्यापेक्षा किंचित जास्त काळं वाटतं आणि त्यातल्या फांद्या विरळ आहेत. व्रण उजवीकडे आणि फरक डावीकडे. पहिली खटकणारी गोष्ट ही.

आता हायलम, म्हणजे जिथून रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका फुफ्फुसात शिरतात ते मूळ. निरोगी माणसात डावा हायलम उजव्यापेक्षा साधारण एक सेंटिमीटर वर असतो. काहींचे दोन्ही एका पातळीत असतात, पण उजवा वर आणि डावा खाली असं सहसा नसतं. आपल्या फोटोत नेमकं तेच आहे. रेसिडेंटकडे याचंही उत्तर तयार आहे: उजवीकडच्या व्रणाने उजवा हायलम वर ओढला. हे शक्य आहे. पण डावा हायलम खाली ओढला गेला असला, तरी चित्र असंच दिसेल. दोन्हींत निवड करायला पुरावा हवा आणि तो अजून हातात नाही.

हृदयाच्या आत बघा

हृदयाचा आकार मोजणं सोपं आहे. पीए फोटोत हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या सर्वांत जास्त रुंदीच्या निम्म्याहून कमी असावी. इथे ती तशी आहे. मग कडा. उजवी कड स्पष्ट, डावी कडही स्पष्ट. घाईतला वाचक इथे ‘हृदय नॉर्मल’ लिहून पुढे जातो.

पण हृदयाची सावली म्हणजे नुसतं हृदय नसतं. त्याच्या मागे डाव्या फुफ्फुसाचा बराच भाग असतो आणि चांगल्या फोटोत तो हृदयातून आरपार दिसतो. मॉनिटरवर असाल तर उजेड आणि काळपटपणा बदलून त्या पांढऱ्या भागात शिरायचं. तिथे तीन गोष्टी शोधायच्या: मणके, महाधमनीची खाली उतरणारी डावी कड, आणि डाव्या पडद्याची रेघ, जी हृदयाच्या मागे जवळजवळ मणक्यापर्यंत गेलेली दिसली पाहिजे.

आपल्या फोटोत डाव्या पडद्याची रेघ बाहेरच्या बाजूने व्यवस्थित सुरू होते आणि हृदयाच्या मागे गेल्यावर मध्येच पुसली जाते. महाधमनीची कडही खालच्या भागात हरवली आहे. नीट पाहिलं तर हृदयाच्या डाव्या कडेच्या आत आणखी एक सरळ, तिरपी कड आहे, आणि ती कड व मणका यांच्यामध्ये एक त्रिकोणी पांढरी सावली आहे.

डाव्या फुफ्फुसाचा खालचा लोब बसला आहे. या लोबमधली हवा गेली की तो खाली, मागे आणि आतल्या बाजूला मिटत जातो आणि हृदयाच्या मागे मणक्याला चिकटून बसतो. पडद्याच्या आतल्या भागाला आणि महाधमनीला लागून असलेली हवा गेल्यामुळे त्यांच्या कडा पुसल्या. हृदयाची डावी कड मात्र शाबूत राहिली, कारण तिला लागून असतो तो वरचा लोब. त्यानेच फुगून रिकामी जागा भरून काढली, म्हणून डावं फुफ्फुस जास्त काळं आणि विरळ दिसत होतं. डावा हायलम खाली ओढला गेला होता. आता परत पाहिलं तर हृदयही थोडं डावीकडे सरकलेलं आहे. एरवी मणक्याच्या उजवीकडे त्याचा जो भाग दिसतो, तो इथे जेमतेम उरला आहे. वर श्वासनळी उजवीकडे आणि खाली हृदय डावीकडे. एकट्या उजव्या व्रणाने या दोन्ही गोष्टी होऊ शकत नाहीत.

इथे एक सावधगिरी हवी. अंथरुणावर काढलेल्या एपी फोटोत किरण तिरपे पडले, तर डाव्या पडद्याची रेघ काही आजार नसतानाही पुसट होते. किरण कमी पडले असतील, तर हृदयामागचं काहीच दिसत नाही. सुरुवातीला मणके दिसतात का ते तपासलं, ते यासाठी. शंका उरली तर बाजूचा फोटो काढावा. त्यात मणके वरून खाली येताना अधिकाधिक काळे होत गेले पाहिजेत. खालचे मणके उलट पांढरे होत असतील, तर त्यांच्यावर खालच्या लोबची सावली पडली आहे.

पडदा आणि दडायच्या जागा

पडद्याचा उजवा घुमट डाव्यापेक्षा थोडा उंच असतो. दोन्हीकडचे खालचे बाहेरचे कोपरे टोकदार हवेत. ते बोथट झाले तर पाणी असू शकतं. पण समोरच्या फोटोत कोपरा बोथट व्हायला साधारण दोनशे मिलिलिटर पाणी लागतं. म्हणजे टोकदार कोपरा ‘पाणी अजिबात नाही’ असं सांगत नाही. उभ्या माणसाच्या फोटोत उजव्या पडद्याखाली काळी चंद्रकोर दिसली, तर पोटातलं आतडं किंवा जठर फुटलं असण्याची शक्यता असते आणि त्याच क्षणी सर्जनला फोन करावा लागतो. अलीकडेच पोटाचं ऑपरेशन झालेल्यांत मात्र ही हवा काही दिवस राहू शकते.

बाकीच्या सगळ्यात बरगड्या, खांदे, मणके, स्तनांच्या सावल्या, मानेचा आणि काखेचा भाग येतो. एक स्तन काढलेल्या बाईच्या फोटोत त्या बाजूचं फुफ्फुस जास्त काळं दिसतं आणि विद्यार्थी फुफ्फुसाचा आजार शोधत बसतात.

इतकं झाल्यावर चार जागांवर परत जायचं, कारण चुका तिथेच राहतात. फुफ्फुसाची वरची टोकं, जिथे गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी आडवी येते. दोन्ही हायलम. हृदयाच्या मागची जागा. आणि पडद्याच्या घुमटाखालची जागा, कारण फुफ्फुसाचा मागचा भाग घुमटाच्या शेंड्यापेक्षा बराच खाली उतरलेला असतो आणि तिथली गाठ यकृताच्या सावलीत मिसळून जाते. आपल्या रुग्णात यातल्या तीन जागांनी काही ना काही सांगितलं. सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं ते पहिल्या जागेवरचं, आणि त्यातच सगळ्यात कमी निकड होती.

जुना फोटो आणला आहे का?

यादीतली शेवटची पायरी ही, आणि ओपीडीच्या गर्दीत तीच गळते. नातेवाईकांच्या पिशवीत बहुधा एखादं जुनं पाकीट असतं. ते मागून घ्यायचं. समजा, या गृहस्थांचा तीन वर्षांपूर्वीचा फोटो मिळाला. त्यात उजवीकडचा व्रण अगदी आजच्यासारखाच आहे. तीन वर्षांत तसूभरही बदल नाही, म्हणजे या खोकल्याचं कारण तो असण्याची शक्यता फार कमी. डाव्या पडद्याची रेघ मात्र जुन्या फोटोत मणक्यापर्यंत स्वच्छ दिसते. आजच्या फोटोत नवीन काय, तर तेवढंच.

आता फोटोची मर्यादाही सांगायला हवी. लोब बसला आहे, इतकंच फोटो सांगतो. का बसला, ते सांगत नाही. ऑपरेशननंतर किंवा आयसीयूत असं झालं, तर बहुतेक वेळा श्वासनलिकेत कफ अडकलेला असतो आणि छातीच्या व्यायामाने तो सुटतो. लहान मूल असेल तर शेंगदाणा किंवा चिंचोका श्वासनलिकेत गेला का, हे विचारावं लागतं. शेंगदाणा स्वतः फोटोत दिसत नाही, त्याने अडवलेल्या हवेचा परिणाम दिसतो. टीबीमुळे श्वासनलिका आतून अरुंद होऊनही लोब बसतो. आणि वर्षानुवर्षं बिडी ओढणाऱ्या साठीच्या माणसात, दुसरं कारण हाती येईपर्यंत, श्वासनलिकेतली गाठ धरूनच चालावं लागतं. त्यासाठी सीटी स्कॅन आणि दुर्बिणीतून तपासणी हवी. थुंकीची टीबीसाठी तपासणीही सोबत करायची, कारण टीबी आज सक्रिय आहे की नाही हे नुसत्या फोटोवरून ठामपणे सांगता येत नाही.

विद्यार्थ्यांनी रिपोर्ट लिहिताना क्रम उलटा करायचा. वाचताना कशालाही अग्रक्रम नसतो, लिहिताना तो द्यावाच लागतो. आपल्या केसचा निष्कर्ष असा लिहावा: ‘डाव्या फुफ्फुसाचा खालचा लोब बसलेला आहे. तीन वर्षांपूर्वीच्या फोटोत हा बदल नव्हता. रुग्णाचं वय आणि बिडीचं व्यसन बघता श्वासनलिकेतला अडथळा वगळण्यासाठी सीटी स्कॅन लवकर करावा. उजव्या वरच्या टोकाला टीबीचा जुना व्रण, पूर्वीइतकाच.’ वॉर्डात सगळ्यात आधी जे उच्चारलं गेलं, ते शेवटच्या ओळीत आलं. ते पहिल्या ओळीत लिहिलं असतं, तर फाइल बघणाऱ्या पुढच्या डॉक्टरने ‘जुना टीबी’ एवढं वाचून खोकल्याचं औषध लिहून दिलं असतं.